सोळा आण्यांचे पान : वहीचा फोटो वाचण्यापूर्वी

जुन्या पेढीच्या वहीतील पान वाचायचे, तर पूर्वी वही समोर ठेवूनच वाचावे लागे. वाचणारा पान हातात घेई, खिडकीशी नेई, तिरके धरून पाही आणि मगच आकडा बोले. आज बहुधा वही एका गावी असते आणि वाचणारा दुसऱ्या गावी. मधला दुवा म्हणजे रात्री ट्यूबलाइटखाली घाईने काढून पाठवलेला एक फोटो. त्यात पान वाकडे असते, एका कोपऱ्यावर फोन धरलेल्या हाताची सावली असते आणि कडेला टेबलाचे लाकूड दिसत असते. फोटो येताच वडीलधारी मंडळी तो बोटांनी मोठा करून वाचायला बसतात. खरे तर वाचन त्या क्षणी सुरू होता कामा नये. पान आधी सरळ करावे, मग त्यावरची सावली उतरवावी आणि त्यानंतरच अक्षराला हात घालावा. हा क्रम का पाळायचा आणि न पाळल्यास काय घडते, हे जुन्या हिशेबाच्या पानावर जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

याचे कारण त्या हिशेबाच्या लिपीत आहे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते आणि वहीत आणे बहुधा अंकांनी न लिहिता रेघांनी लिहिले जात. एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, अर्थात चार आणे. दोन उभ्या रेघा म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. सुटे आणे आडव्या किंवा किंचित तिरक्या रेघांनी दाखवत : एक रेघ एक आणा, दोन रेघा दोन आणे, तीन रेघा तीन आणे. म्हणजे ।- हे पाच आणे, ।= हे सहा आणे आणि नुसते = हे दोन आणे. अक्षर अर्धवट दिसले तरी शब्द संदर्भाने ओळखता येतो. रेघेला मात्र संदर्भ नसतो. ती असते किंवा नसते, आणि सावली, घडी किंवा फोटोचा तिरकेपणा यांना नेमकी अशीच एखादी रेघ पुसता येते किंवा नव्याने उभी करता येते.

एक पान, चार वाटेकरी

उदाहरणासाठी एक पान डोळ्यांसमोर आणू. काळ १९५० च्या सुमाराचा. घरच्या पेढीत चार वाटेकरी आहेत : थोरले बंधू, मधले बंधू, धाकटे बंधू आणि दिवंगत भावाची पत्नी, म्हणजे पुढच्या पिढीची काकू. वर्षअखेर नफ्याची वाटणी एका पानावर लिहिली आहे. डावीकडे नावे, मध्ये प्रत्येकाचा वाटा आण्यांत आणि उजवीकडे वाट्याला आलेली रक्कम. पूर्ण पेढी म्हणजे सोळा आणे, तेव्हा चारही वाट्यांची बेरीज सोळाच यायला हवी.

आता या पानाचा फोटो पाहा. फोटो काढणारा पानाच्या पायथ्याशी उभा आहे, त्यामुळे पानाची खालची कड फोटोत २४०० ठिपके रुंद आली आहे आणि वरची कड दूर पडल्याने १८०० ठिपकेच भरते. फोन किंचित एका बाजूला कललेला असल्याने ओळीही आडव्या न राहता उताराने चालल्या आहेत. दिवा डोक्यावर असल्यामुळे खालच्या तिसऱ्या भागावर आणि उजव्या रकान्यावर काढणाऱ्याची व फोनची सावली पसरली आहे. शिवाय हे पान कधीतरी मध्यावर आडवे दुमडून ठेवलेले होते. ती घडी अजून दिसते आणि नेमकी धाकट्या बंधूंच्या ओळीजवळून जाते.

घरातील तरुणाने वाचनाच्या सोयीसाठी फोनमधला काळा-पांढरा फिल्टर लावला. पान स्वच्छ दिसू लागले. उजवा रकाना काळ्या डागांत बुडाला, पण वाट्यांचा रकाना वाचता आला : थोरले पाच आणे, मधले पाच आणे, धाकटे पाच आणे, काकू एक आणा. बेरीज सोळा. ताळा जुळला, सर्वांचे समाधान झाले.

मूळ पानावर मात्र धाकट्या बंधूंच्या नावापुढे । म्हणजे चार आणे आहेत आणि काकूंच्या नावापुढे = म्हणजे दोन आणे. घडीच्या सावलीने एका ओळीत एक रेघ वाढवली आणि अंगावरच्या सावलीने दुसऱ्या ओळीत दोन रेघांची एक केली. एक चूक आण्याने अधिक, दुसरी आण्याने उणी, म्हणून बेरीज जुळली. काकूंच्या शाखेचा वाटा कागदावर शाबूत असताना वाचनात निम्मा झाला. ताळा जुळणे हा हिशेबातील मोठा आधार खरा, परंतु परस्परांना फेडणाऱ्या दोन चुका त्याला पकडता येत नाहीत. त्या पकडायच्या तर चित्रच दुरुस्त करावे लागते.

पान सरळ करणे म्हणजे काय

सरळ करणे म्हणजे नुसते फिरवणे नव्हे आणि कडा कापणेही नव्हे. पान फिरवले तर त्याचा कल जातो, पण वर अरुंद आणि खाली रुंद असा त्याचा आकार तसाच राहतो. समोरून न काढलेल्या प्रत्येक फोटोत आयताचा वाकडा चौकोन होतो, कारण दूरची कड लहान दिसते आणि जवळची मोठी. त्या चौकोनाला पुन्हा आयत करणे हे खरे सरळ करणे.

त्यासाठी पानाचे चार कोपरे दाखवून देणे पुरेसे असते. वाकड्या चौकोनापासून आयतापर्यंत नेणाऱ्या गणितात आठ अज्ञात संख्या असतात. प्रत्येक कोपरा आपले आडवे आणि उभे असे दोन मोजमाप देतो. चार कोपऱ्यांचे आठ झाले की गणित सुटते. म्हणून कोपरा अचूक दाखवणे महत्त्वाचे. कोपरा दुमडलेला किंवा फाटलेला असेल, तर दोन्ही कडा मनाने पुढे वाढवून त्या जिथे मिळतील तिथे खूण ठेवावी. दुमडलेल्या टोकावर खूण ठेवली, तर ती सगळी बाजू तिरकी होते.

फोनमध्ये कागद स्कॅन करण्याची जी सोय असते ती हे कोपरे स्वतः शोधते. गडद टेबलावरील पांढऱ्या कागदाचे ते बहुधा बरोबर सापडतात. फिकट चादरीवरील पिवळट पानाचे चुकतात, तेव्हा खुणा बोटाने सरकवून जागेवर आणाव्यात. संगणकावर काम करायचे असेल तर `GIMP` हे विनामूल्य साधन पुरते. त्यात `Perspective` हे हत्यार निवडावे आणि त्याची दिशा `Corrective (Backward)` अशी ठेवावी. मग चार टोके पानाच्या चार कोपऱ्यांवर नेऊन `Transform` करावे. त्यानंतर एक काम उरते, ते म्हणजे प्रमाण. साधनाला पान किती लांब-रुंद होते हे ठाऊक नसते. ज्याच्याकडे वही आहे त्याला फूटपट्टीने पान मोजायला सांगावे. ते ८ इंच रुंद आणि १२ इंच उंच भरले, तर `Scale Image` मध्ये २४०० आणि ३६०० हे आकडे भरावेत. म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके होतात आणि अक्षरे लिहिली तशा अंगाची दिसतात.

सरळ झालेल्या पानाची परीक्षा सोपी आहे. पडद्यावर एका ओळीखाली कागदाची सरळ कड धरावी. ओळ त्या कडेला समांतर गेली आणि खालची ओळही तशीच गेली, तर काम झाले. ओळ मध्येच धनुष्यासारखी वाकत असेल, तर पान फोटो काढतानाच सपाट नव्हते, शिवणीजवळ फुगलेले होते. चार कोपऱ्यांचे गणित सपाट पानासाठी असते. फुगवटा त्याने जात नाही, आणि शिवणीजवळची अक्षरे दाटलेलीच राहतात.

आणखी एक मर्यादा ध्यानात असावी. वरची कड १८०० ठिपक्यांची होती, ती ताणून २४०० केली. रुंदी वाढली, पण जे टिपलेच गेले नव्हते ते त्यातून निर्माण झाले नाही. पानाचा दूरचा भाग सरळ केल्यावरही किंचित पुसट राहतो. उंचीच्या दिशेने तर दूरच्या ओळी रुंदीहूनही अधिक दबलेल्या असतात, आणि आडव्या दोन रेघांमधली फट नेमकी उंचीच्याच दिशेची. म्हणून महत्त्वाची नोंद पानाच्या माथ्यावर असेल, तर त्या भागाचा जवळून वेगळा फोटो मागवावा.

पान सरळ झाल्याने आपल्या उदाहरणात लगेच एक गोष्ट उघड होते. धाकट्या बंधूंच्या ओळीतील ती आडवी रेघ एकटी नाही. मूळ फोटोत सगळेच उताराने चालले होते, त्यामुळे घडीचा एक गडद तुकडा हाताने ओढलेल्या रेघेसारखा भासत होता. आता ती रेघ पानाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एकाच पातळीत धावताना दिसते. नावाच्या खालून ती जाते, कोऱ्या जागेतूनही जाते आणि नेमकी पानाच्या मध्यावर, वरून ६ इंचांवर आहे. लेखणीची रेघ असे करत नाही, ती सुरू होते आणि संपते. घडीला दोन अंगे असतात : उजेडाकडची कड कागदापेक्षाही उजळ आणि पलीकडची कड गडद. शाईला उजळ कड नसते. शंका उरली तर वही ज्याच्याकडे आहे त्याला दिवा दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा फोटो काढायला सांगावे. घडीची काळी कड दुसऱ्या अंगाला जाते, शाई जागची हलत नाही.

धाकट्या बंधूंचे चार आणे नक्की झाले, की बेरीज पंधरावर येते. एक आणा कुठेतरी हरवला आहे, हे आता हिशेबच सांगू लागतो.

सावली उतरवणे

सावलीबाबत पहिला मोह असतो तो सगळा फोटो उजळ करण्याचा. त्याने सावलीतला कागद थोडा उजळतो, पण उजेडातला कागद पांढराफटक होतो आणि तिथली फिकट शाई उडून जाते. दुसरा मोह काळ्या-पांढऱ्या फिल्टरचा. तो का फसतो हे चार आकड्यांत पाहता येते.

फोटोतील प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा आकडा असतो : ० म्हणजे निव्वळ काळा, २५५ म्हणजे निव्वळ पांढरा. आपल्या फोटोत उजेडातला कागद २२० आहे आणि तिथली शाई ७०. सावलीतला कागद ६५ आहे आणि तिथली शाई २१. आता काळे-पांढरे करायचे तर एक सीमा ठरवावी लागते, तिच्याखालचे सर्व काळे आणि वरचे सर्व पांढरे. परंतु उजेडातली शाई ७० ही सावलीतल्या कागदापेक्षाही, म्हणजे ६५ पेक्षा, उजळ आहे. सीमा ६५ च्या वर ठेवली तर सावलीतला कागद शाईसारखा काळा होतो. खाली आणली तर उजेडातली शाई कागदासारखी पांढरी होते. दोन्हीकडे न्याय देणारी एकही सीमा अस्तित्वात नाही. चांगले फिल्टर ही सीमा पानाच्या भागाभागाप्रमाणे बदलतात, पण शेवटी तेही प्रत्येक ठिपक्याला काळा की पांढरा असा निकाल देतात, आणि मधल्या छटा कायमच्या जातात.

उपाय त्याच आकड्यांत दडलेला आहे. सावली शाईत मिसळत नाही. ती कागद आणि शाई या दोघांनाही सारख्याच पटीने मंद करते. उजेडात शाई ही कागदाच्या सुमारे एकतृतीयांश आहे : २२० च्या मानाने ७०. सावलीतही ती तितकीच आहे : ६५ च्या मानाने २१. म्हणून वजाबाकी किंवा मिळवणी न करता भागाकार करायचा. प्रत्येक ठिपक्याच्या आकड्याला त्याच जागच्या कोऱ्या कागदाच्या आकड्याने भागायचे आणि आलेल्या पटीला २५५ ने गुणायचे. उजेडातली शाई ८१ येते, सावलीतली ८२. कागद दोन्हीकडे २५५. सावली उतरली आणि शाईचा धर्म तसाच राहिला.

प्रश्न एवढाच की प्रत्येक जागी कोरा कागद किती उजळ आहे हे कसे कळावे, कारण तिथे तर अक्षर लिहिलेले आहे. त्यासाठी चित्राची एक प्रत अशी धूसर करतात की अक्षरे विरघळून जावीत आणि सावलीची ठेवण तेवढी उरावी. `GIMP` मध्ये सरळ केलेल्या पानाची प्रत `Duplicate Layer` ने करावी, वरच्या प्रतीला `Gaussian Blur` द्यावा आणि तिची `Mode` बदलून `Divide` करावी. खालचे पान वरच्या धूसर प्रतीने भागले जाते आणि सावली पडद्यावरच नाहीशी होते.

धूसरपणा किती द्यायचा, हा यातला खरा निर्णय आहे. आपल्या पानावर अक्षरे सुमारे ५० ठिपके उंच आहेत, तर मोजमाप त्याच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे १०० च्या घरात ठेवून सुरुवात करावी. फार कमी ठेवले तर धूसर प्रतीतही अक्षरांची छाया उरते. मग भागाकारात अक्षर स्वतःनेच भागले जाते आणि जाड अक्षरे पोकळ, फक्त कडांची दिसू लागतात. फार जास्त ठेवले तर सावलीची कडही विरघळते आणि सावली पुरती जात नाही. जाड अक्षर पोकळ दिसले तर आकडा वाढवावा, सावलीचा पट्टा उरला तर कमी करावा. दोन-तीन वेळा फिरवले की योग्य जागा सापडते.

आधी सरळ करणे आणि मग सावली उतरवणे, या क्रमाला येथे कारण मिळते. कडेला टेबलाचे गडद लाकूड ठेवून धूसर प्रत केली, तर ते लाकूड कडेच्या कागदात मिसळते. साधनाला वाटते की तिथे कागदच मंद आहे, आणि कडेची शाई अवाजवी उजळते. पान सरळ करून लाकूड बाहेर गेले की ही चूक पुष्कळच आटोक्यात येते.

काकूंची ओळ

सावली उतरल्यावर काकूंच्या नावापुढची खूण पुन्हा पाहू. मूळ फोटोत तिथे वरची रेघ २१, खालची रेघ २१ आणि मधली फट ४५ होती, कारण फट इतकी अरुंद की फोनने दोन्ही रेघांची शाई तीत थोडी सांडली होती. सावलीतला कागद ६५, त्यामुळे डोळ्याला फट आणि रेघ यांत फरक दिसेना, आणि फिल्टरने तिन्ही काळी ठरवून एक जाड रेघ दाखवली. भागाकारानंतर रेघा ८२ झाल्या आणि फट १७६. फट पांढरी नाही, करडी आहे, पण रेघेहून स्पष्टपणे उजळ आहे. दोन रेघा, दोन आणे.

येथे काळे-पांढरे करण्याचा मोह पुन्हा टाळावा. १७६ ला पांढरे म्हणायचे की काळे, हा निर्णय यंत्राच्या सीमेवर सोडला की निकाल पुन्हा लॉटरी होतो. वाचायचे ते करड्या किंवा रंगीत चित्रातून. रंगीत चित्र राखण्याचा आणखी एक लाभ असतो : शाई निळसर किंवा तपकिरी दिसते, घडीची काळी कड मात्र राखाडी असते, आणि दोन्ही एका नजरेत वेगळ्या पडतात.

बेरीज आता पुन्हा सोळा आली : पाच, पाच, चार, दोन. परंतु सोळा आधीही आलीच होती, म्हणून नुसत्या बेरजेवर यावेळी विसंबता येणार नाही. दुसरा स्वतंत्र पुरावा उजव्या रकान्यात आहे. तो सावलीमुळे आधी वाचताच आला नव्हता. आता तेथे ४००, ४००, ३२० आणि १६० हे आकडे दिसतात आणि खाली बेरीज १२८० आहे. १२८० चा सोळावा भाग ८० रुपये. पाच आण्यांचे ४००, चार आण्यांचे ३२०, दोन आण्यांचे १६०. प्रत्येक ओळ आपापल्या वाट्याशी जुळते. पहिले वाचन खरे असते तर धाकट्या बंधूंपुढे ४०० आणि काकूंपुढे ८० दिसायला हवे होते. दोन रकाने एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाचले आणि दोन्ही एकच गोष्ट सांगू लागले, तेव्हा वाचन पक्के झाले.

जे परत येत नाही

या उपायांच्या मर्यादा ठाऊक असणे हाही वाचनाचाच भाग आहे. सावलीत अंधार असला तरी काहीतरी टिपलेले असते, म्हणून ती उतरवता येते. फ्लॅशचा झगझगीत डाग मात्र उतरवता येत नाही. तिथे कागद आणि शाई दोन्ही २५५ झालेली असतात आणि भागाकाराला धरायला फरकच उरत नाही. म्हणून वहीचा फोटो फ्लॅशने कधीच काढू नये.

गडद सावलीतला भाग उजळल्यावर तिथे वाळूसारखे कण दिसतात. फोनला तिथे उजेड कमी मिळालेला असतो आणि भागाकाराने शाईबरोबर हा दोषही वाढतो. त्या भागातील एकटा ठिपका किंवा अगदी लहान रेघ पुराव्याशिवाय खरी मानू नये. फोनच्या सावलीची कड धारदार असेल, तर ती उतरवल्यावर कडेच्या जागी एक उजळ आणि एक मंद असा जोडपट्टा उरतो. त्या पट्ट्याच्या दिशेने जाणारी कोणतीही रेघ संशयित समजावी. अरुंद घडीची सावली या भागाकाराने जात नाही, कारण ती अक्षराइतकीच बारीक असते. तिला ओळखावे लागते, पुसता येत नाही.

आणि फोटो कसा पाठवला यावरही पुष्कळ अवलंबून असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसला जातो. ८ बाय १२ इंचांचे पान १६०० ठिपके उंचीचे होऊन आले, तर दर इंचाला जेमतेम १३३ ठिपके पडतात आणि टाकाची अर्ध्या मिलिमीटरची रेघ अडीच ठिपक्यांत मावते. दोन रेघांमधली फट तर तितकीही उरत नाही. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोहोचतो. दुरुस्तीला बसण्यापूर्वी पाठवणाऱ्याकडून ही मूळ फाइल मागून घ्यावी, ती वेगळी जपून ठेवावी आणि सर्व काम तिच्या प्रतीवर करावे. दुरुस्त चित्र हे वाचनाचे साधन आहे, नोंदीचा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे ती वहीच, म्हणून पान वाचून झाल्यावरही वही सांभाळावी.

वही अजून कोणाच्या हाती असेल, तर सर्वांत चांगली दुरुस्ती म्हणजे दुसरा फोटो. दिवसा खिडकीजवळ, उन्हाचा थेट पट्टा टाळून वही ठेवावी आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे काढणाऱ्याची सावली पाठीमागे पडते. फोन पानाच्या बरोबर मध्यावर, पानाला समांतर धरावा. त्याला थोडे उंच नेऊन दुप्पट झूम केला, तर फोनची सावली पानापासून दूर राहते आणि कडांचा लहान-मोठेपणाही कमी होतो. पानाच्या चारही कडा चित्रात याव्यात, खाली गडद कापड असावे आणि शेजारी एक फूटपट्टी ठेवावी, म्हणजे प्रमाणासाठी वेगळे विचारावे लागत नाही. शिवणीजवळचा फुगवटा दोन लहान वजनांनी दाबावा, आणि तरीही न दबल्यास त्या पट्ट्याचा वेगळा फोटो घ्यावा.

वाचन लिहून काढताना ओळीप्रमाणे लिहावे आणि जिथे रेघ संशयाची आहे तिथे संशयाची खूण ठेवावी. संशयाची खूण ठेवलेला आकडा पुढच्या माणसाला तपासता येतो. ठामपणे चुकीचा लिहिलेला आकडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या खरा म्हणून फिरतो. आपल्या उदाहरणातील पानावर शेवटी लिहायचे ते एवढेच : थोरले पाच आणे, मधले पाच आणे, धाकटे चार आणे, काकू दोन आणे, एकूण सोळा, आणि रकमेच्या रकान्याशी ताळा जुळतो.